स्वयंसेवक हवेत! मदतीचा मेसेज लिहिणाऱ्या समन्वयकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामुदायिक कार्यक्रमासाठी माणसं जमवायची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. उदाहरण असं: एका मोठ्या सभागृहात एक दिवसाचा पुस्तक अदलाबदल मेळा आहे. लोक वाचून झालेली पुस्तकं आणतात आणि तेवढीच दुसरी घेऊन जातात. मेळा रविवारी, सकाळी 10 ते संध्याकाळी 5. तुमचा कार्यक्रम वेगळा असेल, पण मोजायची पद्धत हीच.

ग्रुपवर आवाहन टाकलं, अंगठे भरपूर आले, प्रत्यक्षात माणसं मात्र आली नाहीत. असं का होतं?

कारण त्या मेसेजमध्ये कोणालाच काही विचारलेलं नव्हतं. ‘मेळ्यासाठी स्वयंसेवकांची गरज आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा’ असं दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलं की वाचणारा प्रत्येक जण उरलेल्या एकशे नव्व्याण्णव जणांकडे बघतो. अंगठा म्हणजे ‘येतो’ नव्हे. ‘वाचलं, छान उपक्रम आहे’ एवढाच त्याचा अर्थ.

मानसशास्त्रात यावर एक गाजलेला प्रयोग आहे. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि इंटरकॉमवर एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येई. तो आवाज ध्वनिमुद्रित होता, पण ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी 85 टक्के लोक आवाज थांबण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के उठले. मेळ्याची मदत म्हणजे काही जीवनमरणाचा प्रश्न नाही, पण ‘दुसरा कोणीतरी करेल’ हे गणित दोन्हीकडे सारखंच चालतं.

म्हणून मेसेजचं काम गरज सांगण्यापुरतं नाही. रिकाम्या जागा मोजून दाखवायच्या. ‘दुपारी सव्वा ते पाच या शिफ्टमध्ये पुस्तकं तपासायला 3 जण हवेत’ असं वाचलं की माणूस लगेच मनात विचारतो, मला रविवारी दुपारी जमेल का? या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

मग लिहायला सुरुवात कुठून करायची?

लिहायला बसायच्या आधी सभागृहात जा. शक्य नसेल तर नकाशा काढा. येणारा माणूस दारातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठे कुठे थांबेल, त्या प्रत्येक ठिकाणी एक खूण करा. खूण जिथे, तिथे माणूस हवा.

आपल्या मेळ्यात दारापाशी नोंदणीचं टेबल आहे. तिथे 2 जण लागतील, कारण एक जण लिहीत असताना दुसऱ्याला ‘पुस्तकं कुठे द्यायची’ हे सांगत बसावं लागतं. त्यापुढे आणलेली पुस्तकं तपासून घेण्याची जागा. इथेच रांग लागते. फाटकी, भिजलेली, बुरशी आलेली पुस्तकं बाजूला काढायची, बाकीची मोजायची आणि तेवढ्या संख्येचं कूपन द्यायचं. इथे 3 जण. मग पुस्तकांची टेबलं: तपासलेली पुस्तकं त्या त्या विषयाच्या टेबलावर नेऊन लावणं आणि उचकटलेले गठ्ठे सारखे करणं, यासाठी आणखी 3 जण. शेवटी एक फिरता माणूस. त्याला ठरावीक टेबल नाही. कोणाला पाच मिनिटं उठायचं असेल तर त्याच्या जागी तो बसतो. हा फिरता माणूस यादीतून हमखास गळतो, आणि मग दुपारी तीन वाजता नोंदणीच्या टेबलावर कोणीच सापडत नाही.

म्हणजे मेळा सुरू असताना एका वेळी 9 जण. सकाळी मांडायला आणि संध्याकाळी आवरायला वेगळी माणसं. सभागृहात 24 घडीची टेबलं मांडायची आहेत. एक टेबल उचलायला दोघं लागतात. तीन जोड्या केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला 8 टेबलं येतात. कोठीतून आणून, पाय उघडून, जागेवर ठेवायला एका टेबलामागे पाच मिनिटं धरली तर चाळीस मिनिटांत टेबलं लागतात. उरलेला वेळ विषयांच्या पाट्या लावायला आणि आधी गोळा झालेली पुस्तकं मांडायला. या 6 जणांशिवाय दारावरच्या पाट्या आणि नोंदणीची जागा लावायला 2. एकूण 8. आवरायलाही तेवढेच.

हा हिशेब कागदावर आला की मेसेज जवळजवळ लिहून झालेला असतो.

शिफ्ट किती तासांची ठेवावी?

उभ्याने करायचं काम असेल तर चार तासांच्या आत. चार तास होत आले की लोक खुर्ची शोधू लागतात आणि पुस्तकं न तपासताच आत जाऊ लागतात. दुसऱ्या टोकाला, दीड-दोन तासांच्या शिफ्ट केल्या तर काम समजेपर्यंतच माणसाची निघायची वेळ होते, आणि तुमची दुप्पट माणसं जमवायची धावपळ होते ती वेगळीच.

आपल्या मेळ्याच्या चार शिफ्ट अशा पडतात:

क: मांडणी, सकाळी 7:30 ते 10:00, 8 जण
ख: सकाळचा मेळा, 9:45 ते 1:30, 9 जण
ग: दुपारचा मेळा, 1:15 ते 5:00, 9 जण
घ: आवराआवर, 4:45 ते 6:30, 8 जण

एकूण 34 जागा. शिफ्ट एकमेकींवर पंधरा मिनिटं चढलेल्या आहेत, ते मुद्दाम. त्या पंधरा मिनिटांत जुना माणूस नव्याच्या शेजारी उभा राहून सांगतो की कूपनं या डब्यात आहेत, फाटकी पुस्तकं त्या खोक्यात, आणि रांग वाढली की टेबल तीनवरून मदत बोलवायची. ख संपते तेव्हाच ग सुरू अशी वेळ लावली आणि ग मधला एक जण दहा मिनिटं उशिरा आला, तर ख मधल्याला अडकून पडावं लागतं. तो तोंडाने काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी नाव देत नाही.

34 जागा म्हणजे 34 माणसं नव्हेत, हेही लक्षात घ्या. काही जण क आणि ख असं सलग करायला तयार असतात. मात्र तिसरी शिफ्ट कोणालाही देऊ नका, त्याने स्वतःहून मागितली तरी.

काम नेमकं कसं लिहायचं? ‘नोंदणी विभाग’, ‘व्यवस्थापन’ असं पुरेसं नाही का?

नाही. ‘व्यवस्थापन’ म्हटलं की नवख्याला धडकी भरते आणि अनुभवी माणसाला वाटतं, हे तर सगळंच आपल्या गळ्यात येणार. त्या जागेवर हाताने काय करायचं आहे ते लिहा: ‘येणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं आणि पुस्तकं कुठे द्यायची ते दाखवायचं.’ एक वाक्य पुरतं.

त्या कामातली कष्टाची गोष्टही त्याच ओळीत सांगून टाका. पुस्तकांनी काठोकाठ भरलेला मोठा खोका सहज 20 किलोंच्या वर जातो. पाठीचा त्रास असलेला माणूस ते न कळता आवराआवरीला आला, तर एक तर तो कोपऱ्यात अवघडून उभा राहील नाही तर उचलायला जाईल आणि दुखणं घेऊन घरी जाईल. ‘खोके उचलावे लागतील’ एवढं लिहिलं की तो स्वतःच नोंदणीचं टेबल निवडतो. तिथे ‘बसून करायचं काम’ असं लिहा. ज्येष्ठ मंडळी, गरोदर स्त्रिया, पायाला दुखापत झालेले असे कितीतरी जण केवळ या तीन शब्दांमुळे नाव देतात.

अट खरोखर असेल तरच घाला. ‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ असल्या ओळींनी कोणी चांगला माणूस येत नाही, बुजरे तेवढे गळतात. पुस्तकं विषयवार लावायला बुजरा माणूसच जास्त कामाचा असतो, असं माझं मत आहे.

पूर्ण मेसेज एकदा लिहून दाखवाल का?

हा घ्या. कंसातल्या जागी तुमचा तपशील भरा.

> पुस्तक अदलाबदल मेळा: 34 जागांसाठी मदतनीस हवेत
>
> रविवार, (तारीख, महिना, वर्ष), (सभागृहाचं नाव आणि पत्ता)
>
> नमस्कार. मेळ्याच्या दिवशी खालीलपैकी एका शिफ्टला येऊ शकाल का? अनुभव लागत नाही. काम आल्यावर दहा मिनिटांत समजावून सांगू.
>
> क. सकाळी 7:30 ते 10:00, मांडणी, 8 जण. टेबलं उचलून लावायची, पाट्या लावायच्या. उचलाउचल आहे.
>
> ख. सकाळी 9:45 ते दुपारी 1:30, मेळा, 9 जण.
>
> ग. दुपारी 1:15 ते 5:00, मेळा, 9 जण.
>
> घ. दुपारी 4:45 ते 6:30, आवराआवर, 8 जण. उरलेली पुस्तकं खोक्यांत भरायची, टेबलं परत ठेवायची. उचलाउचल आहे.
>
> ख आणि ग मधली कामं: नाव लिहून घेणे (बसून करायचं काम), आलेली पुस्तकं तपासून कूपन देणे, पुस्तकं विषयाच्या टेबलावर लावणे (उभ्याने), आणि गरजेप्रमाणे कोणाच्याही जागी बसणे.
>
> नाव द्यायचं असेल तर: ग्रुपवर नको, मला थेट मेसेज करा. फक्त अक्षर आणि तुमचं नाव लिहा. उदाहरणार्थ, ‘ग, (तुमचं नाव)’. बसून करायचं काम हवं असेल तर ‘बसून’ असंही लिहा. त्याच दिवशी रात्रीपर्यंत उत्तर देईन. माझं उत्तर आलं की तुमची जागा पक्की.
>
> नावं (तारीख) पर्यंत घेऊ.
>
> (तुमचं नाव), स्वयंसेवक समन्वयक, (फोन नंबर)

मेळ्याचा इतिहास, हेतू, मागच्या वर्षीचा प्रतिसाद हे काहीही यात नाही. ते दुसऱ्या मेसेजमध्ये सांगा. फोनच्या पडद्यावर लांब मेसेजच्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचं ‘आणखी वाचा’च्या मागे जातं. त्या ओळींत काय, कधी, कुठे आणि किती जण एवढं आलंच पाहिजे.

नावं थेट मेसेजवर का घ्यायची? ग्रुपवर यादी फिरवली तर सगळ्यांनाच दिसेल ना?

दिसेल, पण चुकीची दिसेल. ग्रुपवरच्या यादीत काय होतं बघा. कोणीतरी 1 ते 13 नावांची यादी टाकतो. एक जण ती कॉपी करतो, 14 समोर आपलं नाव घालतो आणि पाठवतो. त्याच मिनिटाला दुसऱ्या कोणीतरी तीच जुनी यादी कॉपी केलेली असते, तोही 14 वरच आपलं नाव घालून पाठवतो. आता दोन याद्या झाल्या. पंधरावा माणूस त्यांतली जी शेवटी दिसते ती उचलतो. वरच्या यादीतला चौदावा माणूस कोणाच्याही लक्षात न येता पुसला गेला. त्याला वाटतं आपलं नाव आहे, तुम्हाला वाटतं तो येणार नाही. हे ओळखायची खूण म्हणजे एकाच क्रमांकावर दोन वेगवेगळी नावं असलेल्या याद्या. ती दिसली की आधीच्या सगळ्या याद्या वर जाऊन तपासा.

ग्रुपवरच्या मतदानाची वेगळीच अडचण. 9 जागा भरल्या तरी पर्याय बंद होत नाही, दहावा-अकरावाही तिथेच टिचकी मारतो. लोक नंतर मत बदलतात आणि तुम्हाला ते कळत नाही. अंदाज घ्यायला मतदान ठीक, जागा पक्क्या करायला नाही.

साधा गूगल फॉर्म यापेक्षा बरा. पण त्यातही जागा भरली म्हणून पर्याय आपोआप नाहीसा होत नाही. तुम्हालाच आत जाऊन ‘क’ चा पर्याय काढावा लागतो. शंभराच्या वर माणसं असतील तर फॉर्म घ्या आणि दिवसातून दोनदा तो तपासा. चाळीसएक माणसांसाठी मात्र थेट मेसेज आणि तुमच्या हातातली एकच यादी यापेक्षा सोपं काही नाही. ती यादी वहीत ठेवा किंवा स्प्रेडशीटमध्ये, बदलणारा हात एकच असला पाहिजे. रोज रात्री ग्रुपवर दोन ओळी टाका: ‘क पूर्ण. ख मध्ये 2, ग मध्ये 4, घ मध्ये 7 जागा शिल्लक.’ उरलेल्या जागांचा आकडा खाली येताना दिसला की काठावरचे लोक नाव देतात.

सगळ्यांना सकाळची शिफ्ट हवी आहे, आवराआवरीला कोणीच तयार नाही. काय करायचं?

हे प्रत्येक कार्यक्रमात होतं. मेळा संपला की उत्साहही संपतो, आणि 24 टेबलं उचलायला समन्वयक आणि त्याच्या घरचे दोघं-तिघं उरतात.

पहिला उपाय मेसेजमध्येच आहे. घ ही शिफ्ट पावणेदोन तासांचीच ठेवली आहे, ख आणि ग पेक्षा दोन तासांनी कमी. ज्यांना अर्धा दिवस देता येत नाही त्यांना ती परवडते. ग्रुपवर आठवण करून देताना हे सांगा: ‘ज्यांच्याकडे दोनच तास आहेत त्यांच्यासाठी घ.’

दुसरा उपाय म्हणजे फोन. ग्रुपवर तिसऱ्यांदा तेच विचारण्यात अर्थ नाही. तुमच्या ओळखीतली दहा-बारा माणसं काढा, जी जड कामाला बिचकत नाहीत, आणि एकेकाला फोन करा. फोनवरही ‘मदत कराल का’ असं मोघम नको. ‘रविवारी पावणेपाच ते साडेसहा टेबलं उचलायला दोन जण कमी आहेत, तुम्ही आणि तुमचे भाऊ येता का?’ असं विचारा. जड कामाला माणसं जोडीने यायला तयार होतात, म्हणून जोडी मागा.

तिसरा उपाय मला फारसा आवडत नाही, पण कधीकधी तोच करावा लागतो: ग मधल्यांना अर्धा तास जास्त थांबायला सांगणं. करायचंच असेल तर आधी, नाव घेतानाच सांगा. पाच वाजता दारात उभं राहून ‘जरा थांबता का’ म्हणू नका. उभं राहून पाय दुखत असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि तेच त्याला खटकतं.

‘मला कुठलीही शिफ्ट चालेल’ असं कोणी लिहिलं तर?

आनंदाने घ मध्ये टाकू नका! आधी त्यांना कळवा: ‘तुम्हाला घ मध्ये धरतो, 4:45 ते 6:30, खोके उचलावे लागतील. चालेल ना?’ आणि त्यांचं ‘हो’ येईपर्यंत जागा कच्चीच समजा. ‘कुठलीही’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा सकाळ असते.

मेसेज कधी पाठवायचा आणि कितीदा?

पहिला मेसेज तीन आठवडे आधी. त्याहून लवकर पाठवला तर लोक ‘बघू’ म्हणतात आणि विसरतात. आठवडाभर आधी पाठवला तर रविवार आधीच कशात तरी गेलेला असतो. पहिल्या मेसेजनंतर पूर्ण मेसेज पुन्हा टाकायची गरज नाही, शिल्लक जागांच्या दोन ओळी पुरतात. नावं घेण्याची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या पाच-सहा दिवस आधीची ठेवा, म्हणजे फोन करून जागा भरायला वेळ मिळतो.

नाव आल्यावर त्या माणसाला काय पाठवायचं?

लगेच एक छोटं उत्तर: ‘तुमचं नाव ग मध्ये घेतलं. रविवार, दुपारी 1:15, मागचं दार.’ ‘धन्यवाद, कळवतो’ असं पाठवलं तर तो माणूस अधांतरी राहतो आणि तेवढ्यात दुसरीकडे शब्द देतो.

तीन दिवस आधी प्रत्येक शिफ्टला वेगळा मेसेज. ख ला घ च्या वेळा सांगायची गरज नाही, लोक चुकीची ओळ वाचतात. या मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात: कोणत्या दाराने यायचं, आल्यावर कोणाला भेटायचं आणि त्याचा फोन नंबर, गाडी कुठे लावायची, आणि काय घालून यायचं. क आणि घ साठी पुढून बंद असलेली पादत्राणं सांगा. टेबलाचा पाय उघड्या बोटांवर पडतो तेव्हा काय होतं ते नंतर कळण्यात अर्थ नाही. मेसेजच्या शेवटी उत्तर मागा: ‘येताय ना? हो किंवा नाही लिहा.’ ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी फोन.

आदल्या संध्याकाळी एकच ओळ पुरे.

किती जण ऐनवेळी गळतात? जास्तीची नावं घ्यावीत का?

दर कार्यक्रमाला वेगळे. पाऊस, आजारपण, परीक्षा यांवर बरंच अवलंबून असतं. सरसकट दीडपट नावं घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मला पटत नाही. चुकून सगळे आले तर एक तृतीयांश लोक हात बांधून उभे राहतात, आणि ‘आपली गरजच नव्हती’ ही भावना घेऊन जातात.

त्यापेक्षा प्रत्येक शिफ्टला एक राखीव माणूस ठेवा, आणि त्याला स्पष्ट सांगा की तो राखीव आहे. ‘तुमची शिफ्ट सुरू होईपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही मोकळे.’ चार शिफ्टना चार राखीव. जवळ राहणारी माणसं यासाठी बरी, वीस मिनिटांत पोचू शकतील अशी.

दोन जण गळले तर काय सोडायचं हेही आधी ठरवा. आपल्या मेळ्यात नोंदणीचं टेबल एकावर चालवता येतं, फिरता माणूसही टेबलावर बसवता येतो. तपासणीच्या जागी मात्र तीनचे दोन करू नका. तिथली रांग थेट दारापर्यंत जाते आणि मग नोंदणीही अडकते.

आणि न येणाऱ्यांसाठी मेसेजमध्ये एक ओळ जरूर घाला: ‘जमत नसेल तर फक्त नाही लिहा, कारण विचारणार नाही.’ कारण सांगावं लागेल या संकोचानेच लोक गप्प बसतात. आदल्या दिवशी आलेला नकार आपल्याला चालतो. सकाळी सव्वासात वाजता न उचललेला फोन चालत नाही.

शाळेतली मुलं मदतीला येऊ शकतात का?

येऊ शकतात, आणि पुस्तकं लावण्यात ती मोठ्यांपेक्षा चपळ असतात. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांचा होकार थेट पालकांकडून घ्या, मुलाच्या ‘घरी चालतं’ वर विसंबू नका. त्यांना दारावर एकटं ठेवू नका, टेबलं उचलायला लावू नका, आणि प्रत्येक मुलाला एक मोठा माणूस नेमून द्या. लहान मुलं स्वयंसेवकांकडे सोपवायची असं काम असेल तर तिथे कोणालाही घेण्याआधी तुमच्या भागातले नियम बघावेच लागतील.

लोकांचे फोन नंबर यादीत दिसले तर चालेल का?

नाही. ग्रुपवर किंवा भिंतीवर लावायच्या यादीत नाव आणि शिफ्ट एवढंच. नंबर फक्त तुमच्याकडे आणि त्या शिफ्टच्या प्रमुखाकडे. कार्यक्रमानंतर पुढच्या वेळी बोलावलं तर चालेल का असं विचारा. नको म्हणणाऱ्यांचा नंबर पुसा.

जेवण, प्रवासखर्च, प्रमाणपत्र यांचा उल्लेख करायचा का?

देणार असाल तर एका ओळीत, नेमकं काय ते. देणार नसाल तर तेही. पाणी मिळेल पण जेवण नाही, हे आधी कळलं तर लोक खाऊन येतात. ‘सोय केली जाईल’ असं मोघम लिहू नका.

मेसेज फॉरवर्ड होत होत अनोळखी लोकांपर्यंत गेला. त्यांना घ्यायचं का?

घ्या, पण पैशांच्या किंवा दाराच्या जागी लगेच नको. पहिल्यांदा आलेल्या माणसाला पुस्तकं लावायच्या गटात, ओळखीच्या एकासोबत ठेवा. फॉरवर्डमुळे आणखी एक घोटाळा होतो. मेळा होऊन गेल्यावरही मेसेज फिरत राहतो आणि पुढच्या वर्षी कोणीतरी रिकाम्या सभागृहापाशी येऊन उभा राहतो. म्हणूनच वरच्या नमुन्यात तारखेसोबत वर्षही लिहायला सांगितलं आहे.

मेसेज गेल्यानंतर वेळ बदलली. आता?

जुना मेसेज गुपचूप दुरुस्त करू नका. ज्यांनी तो आधीच वाचला आहे ते परत उघडत नाहीत, आणि फॉरवर्ड झालेल्या प्रती तर तशाच राहतात. नवा मेसेज टाका, त्याची सुरुवातच ‘बदल:’ या शब्दाने करा आणि जुनी व नवी वेळ दोन्ही लिहा: ‘बदल: घ शिफ्ट आता 4:45 ऐवजी 5:15 ला सुरू होईल, 7:00 ला संपेल. बाकी शिफ्ट तशाच.’ वेळ पुढे सरकली की एकमेकींवर चढलेली पंधरा मिनिटं हातची गेली नाहीत ना, तेही बघा. इथे गेलीच आहेत. ग पाचला संपते, त्यामुळे पुस्तकं आणि टेबलं पंधरा मिनिटं कोणाच्याच ताब्यात नाहीत. ग मधल्या दोघांना साडेपाचपर्यंत थांबता येईल का ते आजच विचारा. मग घ मध्ये ज्यांची नावं पक्की आहेत त्या प्रत्येकाला हा बदल वेगळा पाठवून ‘हो’ मागा. सातपर्यंत थांबणं एखाद्याला जमणार नसेल, तर राखीव माणसाला फोन करा.